गवताला समुद्र शिवत नाही: लहान मुलांच्या साहसकथेत धोका कसा मांडावा

चार ते सात वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची साहसकथा लिहिताना नवखा लेखक बहुतेक वेळा दोनपैकी एका बाजूला घसरतो. एक तर वादळ, मगर, पळवून नेणारा माणूस असं सगळं एकदम आणतो आणि ऐकणारं मूल रात्री दिवा मालवू देत नाही. नाहीतर नको ती भानगड म्हणून धोकाच काढून टाकतो. मग गोष्टीतली पोरं समुद्रावर जातात, शिंपले वेचतात, घरी येतात आणि ऐकणारं मूल तिसऱ्या पानावर उठून पाणी प्यायला जातं. यातून वाट काढायची तर धोका किती मोठा, किती वेळ आणि कुठपर्यंत, याची मापं लिहायला बसण्याआधी काढावी लागतात. इथे एकच धोका घेऊन ती कशी काढायची ते पाहू. धोका आहे भरतीचा.

भरती निवडण्याला कारण आहे. ती हळू येते, डोळ्यांना दिसते, तिला वेळापत्रक असतं आणि ती आपली आपण परत जाते. मुख्य म्हणजे तिच्या मनात काही वाईट नसतं. चोर किंवा पळवून नेणारा माणूस गोष्टीत आणला की गोष्ट संपल्यावरही मूल रस्त्यावरच्या अनोळखी काकांकडे संशयाने बघत राहतं. वादळ कधी संपेल हे मुलाला दिसत नाही, म्हणून ते मनात संपतच नाही. मगरीला दात असतात. भरतीला यातलं काहीच नाही. शिवाय कोकणातल्या मुलाला ती ओळखीची असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, हे तिकडचं बालवाडीतलं मूलही सांगतं.

नमुन्याची गोष्ट अशी. मुक्ता सहा वर्षांची, तिचा चुलत भाऊ ओंकार आठ वर्षांचा. आजीचं करडू, ठिपक्या, ओहोटी असताना पुळणीवरून समोरच्या खडपावर जातं. त्याला आणायला दोघं जातात, तेवढ्यात भरती लागते आणि मधली वाट पाण्याखाली जाते. एवढंच कथानक. याहून जास्त घालू नका. या वयाला एका गोष्टीत एकच धोका झेपतो.

आधी पाण्याचा हिशेब

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे 3 वाजता. मुंबई-रायगडाकडे हे बऱ्यापैकी जुळतं, रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते. गोष्टीपुरता हिशेब पुरेसा आहे. खरोखर खडपावर जायचं असेल तर मात्र गावातल्या माणसाला विचारूनच जावं. ओहोटी आणि भरती यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. म्हणजे चतुर्थीला 3 वाजता भरती, तर पूर्ण ओहोटी सकाळी पावणेनऊच्या सुमारास. आपल्याला हीच तिथी सोयीची आहे, कारण सगळा प्रसंग सकाळच्या उजेडात उरकतो. अष्टमी घेतलीत तर ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येईल, मुलं परतीला लागेपर्यंत दिवस कलू लागेल आणि भरतीच्या जोडीला अंधार येईल. तो दुसरा धोका झाला.

अमावास्या आणि पौर्णिमाही टाळा. तेव्हा उधाण असतं, पाणी रोजच्यापेक्षा वर चढतं आणि पुढे ज्या कोरड्या जागेचं वचन आपण मुलाला देणार आहोत, त्या वचनाबद्दल शंका राहते. ऋतू थंडीचा किंवा वैशाखातला असू द्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात, त्यामुळे सुटकेची होडी आणायची कुठून हा प्रश्न पडतो.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर एकूण चढाचे बारा हिस्से साधारण 1, 2, 3, 3, 2, 1 असे वाटले जातात. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलल्यासारखं वाटतं, तिसऱ्या-चौथ्यात भराभर वाढतं, शेवटी पुन्हा मंदावतं. ओहोटी ते भरती 180 सेंटीमीटर चढ धरू. तासातासाला पाणी 15, 30, 45, 45, 30 आणि 15 सेंटीमीटर वाढेल. मधल्या वाटेचा तळ ओहोटीच्या पातळीलाच आहे असं समजा. पावणेनऊला वाट नुसती ओली असेल. पावणेदहाला तिथे 15 सेंटीमीटर पाणी असेल, म्हणजे लहान मुलाच्या पोटरीपर्यंत. सव्वादहाला 30 सेंटीमीटर, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याशी. सव्वाअकराला सदुसष्टच्या आसपास.

यातला एकही आकडा गोष्टीत येणार नाही. पण आकडे काढले नाहीत तर हमखास एक चूक होते: पाणी "बघता बघता" गळ्याशी येतं. किनाऱ्यावरचं मूल तिथेच म्हणतं, "असं नसतं." आणि जे मूल किनाऱ्यावर राहत नाही ते घाबरतं, कारण समुद्र बघता बघता गळ्याशी येतो हे त्याला खरं वाटतं. हिशेबाने लिहिलंत तर गोष्टीचा ताण पाण्याच्या चालीवरच बसवता येतो. पहिला तास गमतीत जातो, कारण पाणी वाढतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलं मागे वळून पाहतात ते सव्वादहाला.

कोरडी जागा आधी दाखवा

ही सगळ्यांत कामाची पायरी. धोका सुरू होण्याच्या निदान पाच पानं आधी मुलाला ती जागा दिसली पाहिजे, जिथे धोका पोचत नाही. खडपावर ही जागा निसर्गानेच आखून ठेवलेली असते. कालवं चिकटतात ती जिथे रोज पाणी येतं तिथे. त्यांची पांढरट, खरखरीत कवचं एका उंचीपर्यंत दिसतात आणि मग थांबतात. त्याच्या बऱ्याच वर, खडकाच्या फटीत माती साचलेली असते, तिथे गवत उगवतं. रोज खारं पाणी येत असतं तर ते गवत तगलंच नसतं.

हे सगळं समजावून सांगायची गरज नाही. गोष्टीत आजी पुळणीवरून बोट दाखवून एवढंच म्हणते: "मुक्ते, कालवं संपली की पाणी संपलं. गवताला समुद्र शिवत नाही." हे वाक्य मूल लक्षात ठेवतं. पुढे धोक्याच्या पानांवर ते दोनदा परत आणा, शब्द अजिबात न बदलता. दुसऱ्या वेळी ऐकणारी मुलं ते वाचणाऱ्याच्या आधी म्हणून टाकतात, आणि ती म्हणतात म्हणजे धोका त्यांच्या ताब्यात आहे.

आता खडपाला पायऱ्या पाडा आणि त्यांना नावं द्या. सगळ्यांत खाली खेकड्याची पायरी, ओहोटीच्या पातळीपासून 30 सेंटीमीटरवर. मग डबक्याची पायरी, 60 वर. मग कालवांची पायरी, 120 वर. आणि भरतीच्या रेषेच्याही चांगलं वर गवताची गादी. मुलं ठिपक्याला शोधत वर चढताना या सगळ्या पायऱ्या एकदा खेळून घेतात: खेकडा दिसतो, डबक्यात बोट घातलं जातं, कालवांवर तळवा खरचटेल म्हणून जपून चढलं जातं. भरती चढू लागेल तेव्हा मूल पायऱ्या मोजेल. आपल्या हिशेबाने खेकड्याची पायरी सव्वादहाला भिजते, डबक्याची अकराच्या सुमारास आणि होडी येईपर्यंत कालवांची पायरी कोरडीच राहते. म्हणजे धोका दोन पायऱ्या खातो आणि हातात एक पायरी अधिक गादी शिल्लक असते. ती शिल्लक कधीही संपवू नका. शेवटची पायरीही बुडवून पोरांना गवतावर टेकवावं असा मोह होतो, पण तिथपर्यंत गेलात तर आजीचं वाक्य खरं की खोटं याची परीक्षा सुरू होते. या वयाच्या मुलाला ती परीक्षा नको असते.

पाणी पायऱ्यांवर मोजा, मुलांच्या अंगावर नाही. "मुक्ताच्या कमरेपर्यंत पाणी आलं" हे वाक्य ऐकणारं मूल स्वतःच्या कमरेवर अनुभवतं. "डबक्याची पायरी बुडाली" हे ते डोळ्यांनी बघतं. अंगाला लागणारं पाणी पोटरीच्या वर जाऊ देऊ नका.

आणि करडू नेहमी मुलांच्या वर असू द्या. लहान मुलांना माणसांपेक्षा जनावराची काळजी जास्त वाटते. ओंकार-मुक्ता सुटणारच हे ती धरून चालतात, ठिपक्याचं मात्र काही सांगता येत नाही असं त्यांना वाटतं. शेळीची जात तशीही उंच जागा धरते, म्हणून ठिपक्या सगळ्यांच्या आधी गवतावर जाऊन चरायला लागला तर ते खरंही वाटेल आणि हसूही येईल.

पानांची वाटणी

चित्रांचं पुस्तक 24 पानांचं धरा. पहिली नऊ पानं घर, पुळण, आजीचं वाक्य, ओहोटीची वाट आणि पायऱ्यांचा खेळ. धोका दहाव्या पानावर सुरू होतो आणि सतराव्यावर संपतो. अठरा-एकोणीसला होडी, वीसपासून चोवीसपर्यंत घर. धोका एक तृतीयांश, घरी परतणं त्याच्या निम्म्याहून जास्त. नवे लेखक हे परतणं अर्ध्या पानात गुंडाळतात, आणि मग "गोष्ट बरी होती पण मूल चिडचिडं झालं" अशी तक्रार येते. उसळलेला जीव खाली बसायला पानं लागतात.

पान उलटण्याच्या जागेला जपा. उजवं पान नेहमी विषम आकड्याचं, आणि उलटणं त्याच्यानंतर होतं. अकराव्या पानाच्या शेवटी ओंकार मागे वळून पाहतो आणि वाक्य तिथेच सोडायचं. बाराव्यावर लगेच दिसतं की वाट चकाकते आहे. असा लहानसा प्रश्न पान उलटेपर्यंत टांगून ठेवायला हरकत नाही. पण सर्वांत वरचा क्षण, म्हणजे डबक्याची पायरी बुडते तो, सोळा आणि सतरा या समोरासमोरच्या पानांवरच बसवा. डावीकडे पायरी बुडते, उजवीकडे होडीचा आवाज येतो. वाचणारी आई नेमकी तिथे फोन घ्यायला उठली, तरी मूल उघड्या पुस्तकाकडे बघत बसेल तेव्हा उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर असेल.

चित्रकाराला एक सूचना लेखी द्या: बाराव्या पानापासून प्रत्येक चित्रात दूर कोपऱ्यात एक होडी असावी, दर पानाला थोडी मोठी. आणि पुळणीवर जाळं विणत बसलेले आबा कधीच चित्राबाहेर जाऊ नयेत. मुक्ता-ओंकारला होडी दिसत नाही, ऐकणाऱ्या मुलाला दिसते. "अगं, ती बघ ना!" असं ते ओरडतं. गोष्टीतल्या पोरांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे, हा आनंद भीतीवर हुकमी उतारा आहे.

वाक्यं कशी बदलायची

पहिल्या खर्ड्यात धोक्याचं पान साधारण असं येतं:

"पाणी झपाट्याने वाढत होतं. प्रचंड लाटा खडपावर आदळत होत्या. मुक्ता थरथर कापू लागली. आता आपण बुडणार, तिला वाटलं. ठिपक्या केविलवाणा ओरडत होता. आजूबाजूला कुणीच नव्हतं."

इथे सहा वाक्यांत सहा वेळा घाबरवलं आहे आणि करायला काहीच दिलेलं नाही. "बुडणार" हा शब्द मुलाला त्या गोष्टीचं चित्र देतो, जी गोष्टीत होणारच नाही. "कुणीच नव्हतं" हे तर खोटंच आहे, आबा समोर बसलेत. तेच पान असं लिहून बघा:

"डुबुक. खेकड्याच्या पायरीवर पाणी आलं. खेकडा तुरुतुरु वर चढला. मुक्ताही वर चढली. ठिपक्याने एक पाय पाण्यात घातला, झटकला आणि टुणकन उडी मारली.
'दादा, किती पायऱ्या राहिल्या?'
'दोन. आणि वर गवत.'
मुक्ताने हात लावून पाहिला. गवत कोरडं होतं, उन्हाने थोडं गरमही. पण तिच्या पोटात काहीतरी गुडगुडलं."

भीती इथे आहे, शेवटच्या वाक्यात. ती पोटात आहे, एवढीशी आहे, आणि ओळखीची आहे. त्याआधी प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलं आहे. विशेषणं गेली. लाटेचा आवाज "डुबुक" आहे. "धडाम" लिहिलं असतं तर तेवढ्या एका शब्दाने समुद्र दुप्पट झाला असता. नादाचे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि वाचणारा माणूस ते अभिनयासकट वाचतो, म्हणून विशेषणापेक्षा त्यांची निवड जास्त काळजीने करा: डुबुक, चुबुक, सळसळ चालतील, धडाड, घोंघाट नको. "अचानक" हा शब्द संपूर्ण पुस्तकात एकदाच वापरा, तोही ठिपक्याने मुक्ताच्या परकराची नाडी खाल्ली अशा जागी.

दर दोन ताणलेल्या वाक्यांमागे एक हसवणारं वाक्य पुरतं. त्याहून जास्त हसवलंत तर मुलाला कळतं की लेखकाचाच धोक्यावर विश्वास नाही.

सुटका, आणि मुलं काय उचलतात

या वयाचं मूल गोष्टीतला उपदेश उचलत नाही, गोष्टीत जे करून पोरं जिंकली ते उचलतं. ओंकारने पाण्यात उडी मारून करडू वाचवलं, तर पुढच्या सुट्टीत कुणीतरी उडी मारून बघेल. म्हणून जिंकणारी कृती अशी निवडा जी खऱ्या समुद्रावरही बरोबर ठरेल: उंच जागी जायचं, एकत्र बसायचं, ओरडायचं, रंगीत कापड हलवायचं, वाट बघायची. पोहणं नाही, दोर टाकणं नाही, पाण्यातून धाडसाने परत येणं तर नाहीच. सुरुवातीला आजीने एक नियम सांगितलेला असावा: पोटरीच्या वर पाणी असेल तर पाय घालायचा नाही. सव्वादहाला पाणी गुडघ्याशी आहे, म्हणून मुलं थांबतात. "चालत का नाही गेली?" हा प्रश्न आधीच मिटतो.

वाट बघणं कंटाळवाणं होऊ नये म्हणून त्यात काम घाला. मुक्ता आबांचा लाल पंचा हलवते, ओंकार "कूऽऽ" करतो, पुळणीवरून आबांचं "कूऽऽ" परत येतं. म्हणजे मोठ्या माणसाला कळलेलं आहे. तिथून पुढे उरते ती फक्त मजेशीर घालमेल. आबा दत्तूकाकांना हाक मारतात, होडी येते. इथे एखादं चौकस मूल विचारेलच, की आबाच पाण्यातून चालत का नाही आले? उत्तर गोष्टीत ठेवा: "दोन हातांत दोन नातवंडं आणि एक करडू मावत नाही." होडीत बसताना दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट चढवलेलं चित्रात दिसू द्या, त्याबद्दल लिहू नका.

अडकण्याचं कारण मुलांचा हट्ट किंवा खोटं बोलणं असू नये. तसं केलंत तर समुद्र शिक्षा करणारा होतो आणि भरती ही भरती राहत नाही. ती आबांना सांगून गेली, ठिपक्या खडकाआड लपला, शोधण्यात वेळ गेला, एवढं पुरे. घरी आल्यावर आजी रागावेल, पण एकाच वाक्यात, आणि त्याच वाक्यात पेजेची वाटी पुढे सरकवेल. मग कोरडे कपडे, पेज, खारं लिंबू, ठिपक्याला खुंटीला बांधणं. चोविसाव्या पानावर मुलं पडवीतून बघतात तेव्हा पाणी पुन्हा उतरलेलं असावं आणि खेकडा आपल्या पायरीवर परत आलेला असावा. धोका गेला हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

एक मर्यादा लक्षात असू द्या. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरलं होतं, आणि अशा गावांत त्या पाण्याच्या आठवणी मुलांसमोर बोलल्या जातात. त्यामुळे गोष्टीतलं पाणी अंगणापर्यंतही येता कामा नये. घर पाण्यापासून चांगलं लांब आणि उंचावर आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या चित्रातच दाखवा.

वाचून पाहणं

खर्डा तीन-चार मुलांना दिवसाउजेडी वाचून दाखवा, चित्रांच्या जागी पेन्सिलीची रेखाटनं चालतील. तुम्ही पुस्तकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. मूल पुढे सरकलं, पायऱ्या मोजू लागलं, मध्येच बोललं, तर माप बरोबर आहे. कान झाकले, नजर खोलीत फिरू लागली, "आता दुसरी गोष्ट" म्हणालं, तर त्या पानावर खूण करा. मोठ्याने खिदळणं नेहमी मजेचं लक्षण नसतं. धोक्याच्या वाक्यावर हसू आलं आणि लगेच आईच्या मांडीकडे हात गेला तर तीही खूणच.

खूण केलेलं पान काढून टाकायची घाई करू नका. आधी त्याच्या मागची दोन पानं तपासा, कारण अडचण बहुधा तिथे असते: गवत नीट दाखवलेलं नसतं, किंवा आबा चित्रातून गायब झालेले असतात. ते दुरुस्त करून दुसऱ्या मुलांना वाचा. तरीही तिथेच अडलं तर पायरी दहा-पंधरा सेंटीमीटर उंच करा, म्हणजे पाणी तिथे पोचायला एक पान जास्त लागेल.

वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका, कागद आणि खडू द्या. मुलं खडप काढतील. गवत हिरवं आणि मोठं काढलं असेल, पायऱ्या मोजून तीन असतील, तर काम झालं. चित्रात नुसतंच निळं पाणी भरलं असेल आणि ठिपक्या कुठेच नसेल, तर बारा ते सतरा या पानांवर तो कुठे कुठे दिसतो ते मोजा. बहुतेक वेळा लागोपाठ दोन पानांवर त्याला चित्रात घ्यायचं राहून गेलेलं असतं.